प्रचार थांबल्यावर सुरू होणारा प्रचार

महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीचा जाहीर प्रचार 18 नोव्हेंबर 2024 रोजी संध्याकाळी सहा वाजता संपला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे 48 तास शांततेचे असतात. या काळात सभा नाहीत, मिरवणुका नाहीत, दूरचित्रवाणीवर निवडणुकीविषयी प्रचार नाही. मतदाराने ऐकलेले सारे मनात घोळवावे आणि कोणाच्या दडपणाविना निर्णय करावा, हा त्यामागचा हेतू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे मतदान सुरू होण्यास बारा तासही उरले नसताना, काही ध्वनिफिती समाजमाध्यमांवर प्रकटल्या. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजासारख्या आवाजांत बिटकॉइन विकून निवडणुकीसाठी पैसे उभे करण्याची भाषा त्यांत होती. भारतीय जनता पक्षाने त्या फिती आपल्या खात्यांवरून प्रसृत केल्या. सुळे यांनी आवाज आपला नसल्याचे सांगून निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. ‘बूम’ या तथ्यपडताळणी संस्थेने फिती शोधसाधनांतून तपासल्या तेव्हा त्यांपैकी काही कृत्रिमरीत्या तयार केल्याची दाट शक्यता दिसली. तोवर मतदान सुरू झाले होते. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी आवाज ओळखीचा वाटतो, चौकशीतून सत्य बाहेर येईल, अशा आशयाचे विधान केले.

या प्रसंगाने निकालावर किती परिणाम झाला, हे मोजण्याचे साधन कोणाकडे नाही आणि तो माझ्या विवेचनाचा विषयही नाही. मला त्यातील घड्याळ महत्त्वाचे वाटते. आरोप संध्याकाळी आला, खुलासा रात्री आला, तांत्रिक पडताळणी मतदानाच्या दिवशी आली आणि चौकशी त्यानंतर व्हायची होती. घरातल्या माणसाच्या कानालाही जो आवाज निश्चित सांगता येत नाही, तो अनोळखी मतदाराने बारा तासांत पारखावा, अशी अपेक्षा आपली व्यवस्था करते. कृत्रिम प्रचाराविरुद्ध आपण जे उपाय योजले आहेत ते या घड्याळाशी जुळतात का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी संदेश मतदारापर्यंत कोणत्या वाटेने जातो ते पाहिले पाहिजे.

नऊशे मतदारांचे गणित

मतदारागणिक प्रचार, ज्याला मायक्रोटार्गेटिंग म्हणतात, त्याची चर्चा आपल्याकडे बहुधा केंब्रिज अ‍ॅनालिटिकाच्या कथेपासून सुरू होते. फेसबुकवरील पसंतीवरून मनुष्याचा स्वभाव ओळखायचा आणि त्या स्वभावाला भिडेल अशी जाहिरात दाखवायची, अशी ती कथा. भारतात या कसरतीची फारशी गरज नाही. आपल्या निवडणूक यंत्रणेतच मतदाराला लहान गटात पकडण्याची सोय आहे आणि त्या गटाचे नाव मतदान केंद्र.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे 97 कोटी नोंदणीकृत मतदार आणि साडेदहा लाख मतदान केंद्रे होती. म्हणजे एका केंद्रामागे सरासरी नऊशेच्या आसपास मतदार. मतमोजणीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी ‘नमुना 20’ या तक्त्यात प्रत्येक केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली ते नोंदवतो आणि हा तक्ता सर्वांना पाहता येतो. मी असे अनेक तक्ते वाचले आहेत. एखाद्या मतदारसंघाचे तीन निवडणुकांचे तक्ते शेजारी ठेवले, की कोणती वस्ती कोणाची, कोणती डळमळीत आणि कोणत्या गल्लीत मतदान घटते आहे, हे एका बैठकीत उमगते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजण्यापूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रे आली आणि ते मिसळणे थांबले. अनेक यंत्रांतील मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये दिला, विधी आयोगाने 2015 मध्ये त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र तो स्वीकारला नाही.

केंद्राचा कल कळला. आता त्यातील माणसे हवीत. नाव, वय, लिंग, पत्ता आणि नातेवाइकाचे नाव मतदार यादीत असते. नावावरून धर्माचा आणि पुष्कळदा जातीचा अंदाज बांधता येतो. मतदार यादी यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मिळावी, अशी मागणी कमलनाथ यांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. 2018 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि याद्या प्रतिमेच्या स्वरूपात देण्याचे आयोगाचे धोरण कायम राहिले. हेतू चांगला होता. परंतु प्रतिमेतील अक्षरे ओळखणारी संगणकीय साधने आज इतकी स्वस्त झाली आहेत, की हा बांध जवळजवळ निरुपयोगी आहे. उरतो तो दूरध्वनी क्रमांक. तो यादीत नसतो, आणि म्हणूनच साऱ्या यंत्रणेत त्याचे मोल सर्वाधिक.

हा क्रमांक कसा मिळतो, याचे एक प्रकरण न्यायालयापुढे आले होते. 2021 च्या विधानसभा निवडणुकीत पुदुच्चेरीतील मतदारांना भ्रमणध्वनीवर संदेश येऊ लागले. त्यांच्या मतदान केंद्रासाठी तयार केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सामील होण्याचा दुवा त्यांत होता आणि हे गट भारतीय जनता पक्षाचे होते. मद्रास उच्च न्यायालयात याचिका झाली. आधारशी जोडलेल्या क्रमांकांवरच हे संदेश आले, असे याचिकाकर्त्याचे म्हणणे होते. पक्षाने ते नाकारले. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन क्रमांक मिळवले, असा त्याचा दावा होता. न्यायालयाला आरोप दुर्लक्ष करण्याजोगा वाटला नाही आणि त्याने आधार प्राधिकरणाकडे खुलासा मागितला. क्रमांक कोठून आले याविषयीचे दोन्ही दावे बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट उरते. पाठवणाऱ्याला प्रत्येक क्रमांकापुढे त्या मतदाराचे केंद्र ठाऊक होते. यादी, तक्ता आणि क्रमांक यांची सांगड तेव्हाच पूर्ण झाली होती.

या गणिताला धार केव्हा येते, ते मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाने दाखवले. 2024 मध्ये तेथील लोकसभेचा निकाल 48 मतांनी लागला. सरासरी मतदान केंद्रावरील मतदारांच्या शेकडा पाचाहून थोडे अधिक, एवढाच हा आकडा. तेथे कोणी गैरप्रकार केला असे मी सुचवत नाही. साऱ्या मतदारसंघाचे मन वळवण्याची आवश्यकता नसते. निवडक केंद्रांवरील थोड्या मतदारांना घरी बसवले तरी निकाल फिरू शकतो, एवढेच त्यातून दिसते.

आवाज स्वस्त झाला

या रचनेत आजवर एक अडथळा होता. नऊशे माणसांच्या प्रत्येक गटासाठी निराळा मजकूर लिहिणे, तो बोलणे आणि चित्रित करणे याला माणसे लागत. कृत्रिम बुद्धिमत्तेने हा खर्च जवळपास शून्यावर आणला. फेब्रुवारी 2020 मध्ये दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष मनोज तिवारी यांच्या एका हिंदी भाषणाच्या चित्रफितीवरून इंग्रजी आणि हरियाणवी आवृत्त्या तयार झाल्या. त्यांच्या ओठांच्या हालचाली नव्या शब्दांशी जुळवल्या होत्या. त्या सुमारे 5,800 व्हॉट्सअ‍ॅप गटांत पोहोचल्या, असे पक्षाच्या लोकांनी तेव्हा सांगितले. उमेदवाराची संमती होती, मजकूरही त्याच्या पक्षाचाच होता. तरीही हरियाणवी मतदाराला जे माणूस बोललाच नाही ते तो आपल्या बोलीत बोलल्याचे दिसले आणि तशी सूचना कोठेही नव्हती.

2024 पर्यंत हे काम व्यवसाय म्हणून होऊ लागले. उमेदवाराच्या आवाजाचा काही मिनिटांचा नमुना घ्यायचा, मतदार यादीतील नाव त्यात गुंफायचे आणि मतदाराला त्याच्या नावाने साद घालणारा दूरध्वनी लावायचा. यात बेकायदा असे फारसे काही नाही. परंतु ज्या यंत्रणेने उमेदवाराच्या संमतीने त्याचा आवाज घडवता येतो, तीच यंत्रणा संमतीविना प्रतिस्पर्ध्याचा आवाज घडवू शकते. सभेत बोललेले खोटे विरोधकाच्या कानावर जाते, म्हणून त्याला उत्तर मिळते. नऊशे जणांच्या बंद गटात पोहोचलेले खोटे ज्याच्याविषयी आहे त्याला ठाऊकच होत नाही. कृत्रिम फीत आणि मतदारागणिक वितरण हे दोन निरनिराळे धोके मानण्यात चूक होते ती येथे. पहिली लबाडी दुसरीच्या आडोशाला राहते.

याचा अर्थ प्रत्येक लबाडीमागे कृत्रिम बुद्धिमत्ता असते असा मात्र नाही. एप्रिल 2024 मध्ये गृहमंत्री अमित शहा यांची एक चित्रफीत पसरली. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण रद्द करण्याची घोषणा ते करत आहेत, असे तीत ऐकू येत होते. मूळ भाषण एप्रिल 2023 मधील तेलंगणातले होते आणि धर्मावर आधारलेले मुस्लिम आरक्षण हटवण्याविषयी होते. फितीची कापाकापी करून अर्थ उलटवला होता. तेलंगणातील काँग्रेसशी संबंधित खात्यांवरून ती पसरल्याचा आरोप होऊन दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला, काहींना अटक झाली. त्यासाठी लागले ते केवळ चित्रफीत कापण्याचे साधे साधन. म्हणून नियम लिहिताना ‘कोणत्या तंत्राने बनवले’ याऐवजी ‘कोणाच्या तोंडी न बोललेले शब्द घातले’ ही कसोटी ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

शोधयंत्राच्या मर्यादा

फीत खरी की कृत्रिम हे सांगणारी संगणकीय साधने आहेत. मग अडचण कोठे, असे वाचक विचारतील. ही साधने हो किंवा नाही असे उत्तर देत नाहीत, ती शक्यता सांगतात. कृत्रिम आवाजात श्वासाच्या जागा, स्वरांची चढउतार आणि उच्च कंप्रतेचे बारकावे यांत सूक्ष्म विसंगती राहतात, त्या ती हेरतात. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवरून जाणारी ध्वनिफीत आकाराने लहान करण्यासाठी दाबली जाते आणि त्या दाबण्यात नेमके हेच बारकावे झिजतात. त्यात कोणी ती दुसऱ्या दूरध्वनीवर वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केली, पार्श्वभूमीला पंख्याचा आवाज किंवा गाणे घातले, तर साधनाचा विश्वास आणखी घसरतो. फीत वीसेक सेकंदांची असेल तर तपासण्यास नमुनाच अपुरा. शिवाय बहुतेक साधने प्रामुख्याने इंग्रजी बोलण्यावर शिकवलेली आहेत. भारतीय भाषांतील उच्चार त्यांना कमी परिचयाचे. एकाच फितीला एक साधन खरी आणि दुसरे कृत्रिम म्हणते, असे म्हणूनच घडते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. एप्रिल 2023 मध्ये तमिळनाडूचे तत्कालीन अर्थमंत्री पलनिवेल त्यागराजन यांच्या आवाजातील म्हणून दोन फिती बाहेर आल्या. स्वपक्षीयांच्या संपत्तीविषयी त्यांत टीका होती. त्यागराजन यांनी दोन्ही बनावट असल्याचे सांगितले. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या प्रकाशनाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, तेव्हा पहिल्या फितीविषयी मत निश्चित झाले नाही. दुसरी अस्सल असल्याचा निष्कर्ष निघाला. बनावट सहज बनवता येते हे सर्वांना ठाऊक झाले, की खऱ्यालाही बनावट म्हणून झटकता येते. कृत्रिम प्रचाराचा हा लाभ खोटे पसरवणाऱ्याइतकाच खरे लपवणाऱ्यालाही मिळतो. मतदाराने सगळ्यावरच अविश्वास ठेवावा असा उपदेश करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की तसे झाल्यास सर्वांत सुखावेल तो पकडला गेलेला भ्रष्टाचारी.

आयोगाचे तीन तास

निवडणूक आयोग या विषयात स्वस्थ बसला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. 6 मे 2024 रोजी, सातपैकी दोन टप्प्यांचे मतदान झाल्यावर, त्याने पक्षांना कळवले, की बनावट मजकूर निदर्शनास आल्यापासून तीन तासांत तो आपल्या खात्यावरून काढावा. जानेवारी 2025 मध्ये कृत्रिम मजकुरावर तशी स्पष्ट खूण करण्यास सांगितले. बिहार निवडणुकीपूर्वी, ऑक्टोबर 2025 मध्ये, ही खूण चित्राच्या किमान दहा टक्के भागावर आणि ध्वनिफितीच्या पहिल्या दहा टक्के अवधीत असावी, मजकूर कोणी तयार केला याची नोंद पक्षाने ठेवावी, असेही ठरवले. त्याच बिहारमध्ये पंतप्रधानांच्या दिवंगत मातोश्रींचे कृत्रिम चित्रण असलेली फीत काँग्रेसच्या प्रदेश शाखेने प्रसृत केली होती. ती काढण्याचा आदेश सप्टेंबर 2025 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने दिला. फीत आली आणि आदेश आला यांत सुमारे एक आठवडा गेला.

आता या नियमांना 19 नोव्हेंबर 2024 च्या संध्याकाळपाशी नेऊन पाहू. तीन तासांची मुदत सुरू होते ती मजकूर पक्षाच्या निदर्शनास आल्यापासून. तो कोणी, कोठे, किती वाजता निदर्शनास आणला याची सार्वजनिक नोंद नसेल तर मुदत मोडली हे सिद्ध कसे करणार? दुसरे, पक्ष म्हणू शकतो की फीत खरी आहे. मग त्याच्या दृष्टीने ती काढण्याचे कारणच उरत नाही, आणि ती बनावट ठरवणारी यंत्रणा रात्री आठ वाजता उपलब्ध नसते. तिसरे, नियम पक्षाच्या अधिकृत खात्याला बांधतो; त्यापुढे पाठवत गेलेल्या हजारो प्रतींना तो शिवत नाही. आणि चौथे, खूण करण्याचा नियम पाळतो तो प्रामाणिक पक्ष. ज्याचा हेतूच फसवण्याचा आहे तो फितीवर ‘कृत्रिम’ असे लिहून पाठवणार नाही.

कलम 126 चीही मर्यादा अशीच. सभा, मिरवणूक, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि ‘तत्सम साधने’ यांचा त्यात उल्लेख आहे. समाजमाध्यमांचा त्यात स्पष्ट समावेश करण्याविषयी आयोगाच्या उमेश सिन्हा समितीने 2019 च्या आरंभी शिफारशी केल्या. कायदा बदलला नाही. त्याऐवजी मोठ्या कंपन्यांनी मार्च 2019 मध्ये स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली आणि शांततेच्या काळात आयोगाने कळवल्यास तीन तासांत कारवाई करण्याचे मान्य केले. स्लोव्हाकियात 2023 च्या संसदीय निवडणुकीआधी अशाच 48 तासांच्या शांततेत एका नेत्याच्या आवाजातील बनावट फीत पसरली आणि शांततेच्या नियमामुळे माध्यमांना तिचा जोरकस खुलासा करणेच अवघड गेले. लबाडाला जो नियम बांधत नाही आणि सत्य सांगणाऱ्याला बांधतो, तो उलटा पडतो. आपल्या कलम 126 लाही तो दोष आहे.

काय बदलता येईल

यावर माझ्या मते चार गोष्टी करण्याजोग्या आहेत आणि चारही आजच्या संस्थांच्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली, तक्रारीची सार्वजनिक नोंदवही. आक्षेपार्ह फितीची तक्रार आली, की तिला क्रमांक मिळावा, वेळ नोंदली जावी आणि ती नोंद कोणालाही पाहता यावी. तीन तासांची मुदत या नोंदीपासून मोजली जावी. आयोगाने एप्रिल 2024 मध्ये मतदान यंत्रांविषयीच्या आणि प्रक्रियेविषयीच्या अफवांसाठी ‘मिथक आणि वास्तव’ अशी नोंदवही सुरू केलीच आहे. उमेदवारांविषयीच्या बनावट फितींसाठी तिचा विस्तार करता येईल.

दुसरी, शांततेच्या काळात खुलाशाला सूट. ज्याच्या नावावर फीत आली त्या उमेदवाराने दिलेले संक्षिप्त निवेदन, त्यात प्रचाराचा शब्द नसेल तर, आयोगाच्या जिल्हा समितीने तपासून दूरचित्रवाणीवर आणि संदेशांद्वारे त्याच रात्री प्रसृत करावे. जिल्हा पातळीवर जाहिरातींना पूर्वप्रमाणन देणाऱ्या समित्या आजही आहेत. शेवटच्या दोन रात्री त्यांना अखंड काम करण्यास आणि एका ध्वनितज्ज्ञाचे साहाय्य घेण्यास सांगणे अशक्य नाही. फीत खोटी आहे असा निवाडा समितीने घाईने करू नये. ‘उमेदवाराने नाकारले आहे, पडताळणी झालेली नाही’ एवढे वाक्य वेळेवर पोहोचले तरी पुष्कळ झाले.

तिसरी, जाहिरातींच्या संग्रहात यादीचा उगम. मेटा कंपनीच्या जाहिरात संग्रहात एखाद्या राजकीय जाहिरातीसाठी पैसे कोणी दिले, साधारण किती दिले आणि ती कोणत्या वयाच्या व राज्यातील लोकांना दिसली, एवढे कळते. मी तो नियमाने पाहतो. ज्याचे उत्तर तेथे मिळत नाही असा प्रश्न हा: जाहिरातदाराने स्वतः दूरध्वनी क्रमांकांची यादी चढवून त्याच लोकांना जाहिरात दाखवली असेल, तर ती यादी त्याच्याकडे कोठून आली? गूगलने राजकीय जाहिरातींसाठी वय, लिंग आणि पिनकोडपर्यंतचे ठिकाण एवढेच निकष ठेवले आहेत. इतरांवरही अशी मर्यादा घालता येईल. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2025 पासून याविषयी कडक कायदा लागू केला, तेव्हा मेटा आणि गूगल या दोन्ही कंपन्यांनी तेथे राजकीय जाहिराती घेणेच थांबवले. कायदा फार कडक झाला तर जाहिरात बंद गटांकडे वळते, हा त्यातला धडाही आपण घ्यावा. म्हणून बंदीपेक्षा उगमाची सक्तीची घोषणा मला अधिक उपयोगी वाटते.

चौथी, मतदान केंद्राची गोपनीयता. टोटलायझर आणले तर नमुना 20 मधून वस्ती ओळखता येणार नाही. त्यामुळे प्रचाराचे सारे लक्ष्यीकरण थांबेल असा माझा दावा नाही. मात्र नऊशेच्या गटाऐवजी दहा-बारा हजारांचा गट हाती येईल आणि इतक्या मोठ्या गटात बंद दाराआड खोटे सांगणे कठीण होईल. मते न दिलेल्या वस्तीवर सूड उगवण्याचे भयही कमी होईल. याला एक किंमत आहे, तीही मांडतो: केंद्रनिहाय आकडे नसतील तर एखाद्या केंद्रावरील गैरप्रकार शोधणे अवघड होईल. त्यासाठी ते आकडे न्यायालयाच्या आदेशाने उघडता येतील अशी तरतूद ठेवावी लागेल.

शिक्षेवर मी येथे भर दिलेला नाही, तो जाणूनबुजून. उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटे विधान करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 नुसार गुन्हा आहे; पण शिक्षा केवळ दंडाची. कलम 123(4) नुसार ते भ्रष्ट आचरण ठरते आणि निवडणूक रद्दही होऊ शकते. पण विधान उमेदवाराच्या वा त्याच्या प्रतिनिधीच्या संमतीने झाले, हे याचिकाकर्त्याला सिद्ध करावे लागते. अनामिक क्रमांकावरून निघालेल्या फितीबाबत हे जवळजवळ अशक्य असते. निकालानंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या याचिकेपेक्षा मतदानाच्या आदल्या रात्री पोहोचलेला खुलासा मतदाराच्या अधिक कामाचा.

मतदाराच्या हातातले

मतदाराने तंत्रज्ञ व्हावे अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. कानाने आणि डोळ्याने ओळखण्याचे नुस्खे सांगितले जातात: ओठ पाहा, पापण्या पाहा, बोटे मोजा. ते दर सहा महिन्यांनी जुने होतात आणि ध्वनिफितीत तर पाहण्यासारखे काही नसतेच. त्याऐवजी उगम आणि वेळ या दोन गोष्टी पाहाव्यात. फीत पहिल्यांदा कोणी, कोठे, कधी प्रसृत केली? पूर्ण ध्वनिमुद्रण आहे की तुकडा? बोलणाऱ्याने नाकारले आहे का? या प्रश्नांना उत्तर नसेल आणि मतदान दोन दिवसांवर असेल, तर ती फीत निर्णयात धरू नये. ऐन शेवटच्या रात्रीच ती बाहेर का यावी, हा संशय रास्त आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर संदेशाच्या डोक्यावर दुहेरी बाण आणि अनेकदा पुढे पाठवल्याची खूण दिसते. असा संदेश 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. ही खूण संदेश खोटा असल्याचे सांगत नाही. तो पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही, एवढे सांगते. तक्रार करायची असेल तर मूळ फाइल पुसू नये आणि पडद्याचे छायाचित्र काढून भागवू नये. तपासणाऱ्याला मूळ फाइलच लागते. कोणत्या क्रमांकावरून, कोणत्या गटात, किती वाजता आली ते लिहून ठेवावे. आयोगाचे सी-व्हिजिल अ‍ॅप जागेवर टिपलेल्या चित्रांसाठी आहे, आलेली फीत त्यात चढवता येत नाही. त्यासाठी 1950 ही मदतवाहिनी किंवा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार हाच मार्ग. आणि पक्षाच्या नावाने नावानिशी दूरध्वनी आला, तर एक प्रश्न अवश्य विचारावा: माझा क्रमांक तुम्हाला कोणी दिला? वैयक्तिक विदा संरक्षणाचा 2023 चा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे आणि आपल्याविषयीची कोणती माहिती कोणाकडे आहे हे विचारण्याचा अधिकार त्याने नागरिकाला दिला आहे. हा अधिकार राजकीय पक्षांविरुद्धही चालतो की नाही, हे कोणी तरी नागरिकाने वापरून पाहिल्याखेरीज ठरणार नाही. पक्ष आपल्या याद्यांविषयी आपण होऊन कधीच काही सांगणार नाहीत. पहिला प्रश्न मतदारालाच विचारावा लागेल.